बारा ते दोनचा पहारा

दुधाची पिशवी घेऊन परत येताना गहिनीनाथ फाटकापाशी थांबला, कारण रखवालदाराच्या टेबलावर वही उघडी पडली होती आणि उघडी वही दिसली की त्याचे पाय आपोआप थांबत. मुलाच्या या इमारतीत येऊन त्याला महिना होत आला होता. एवढ्या दिवसांत त्याला इथली ओळखीची वाटलेली ही पहिलीच वस्तू. पानावर आडव्या रेघा, उभ्या रेघा, कुणी कुणाला बदली दिली, किती वाजता दिली, शेजारी सह्या. दिवसा लिंबाजी, रात्री उत्तम. बाकी बायकामाणसांच्या, मोलकरणींच्या, पार्सलवाल्यांच्या नोंदी एकदम चोख होत्या, पण लिंबाजी आणि उत्तमची बदली पाहावी तर रोज उशिरा पडलेली. गहिनीनाथला राहवलं नाही. "हा उत्तम रोज उशिरा येतो काय?" त्यानं विचारलं. लिंबाजी हसला. "नाही हो काका, तो तर येळंआधी येतो. आमचं एकच गाव पडलं ना. म्हशीचं काय, सासऱ्याचं काय, बोलत बसतो दोघं. मग सही उशिरा पडते. साहेब बोंबलतो, बोंबलू दे." गहिनीनाथनं मान डोलावली, लिफ्टमध्ये शिरला, आणि लिफ्ट त्याच्या मजल्यावर थांबून, दार उघडून, परत मिटून वर निघून गेली तरी तो आतच उभा होता. दुधाच्या पिशवीचा गारवा तळहातातून मनगटापर्यंत चढला होता. त्याला काहीतरी आठवत होतं आणि ते काय हे कळत नव्हतं. त्याची बायको सुभद्रा गेल्यापासून त्याचं असंच झालं होतं. दुखायला हवं तिथं हात लावला की नुसतं जाड काहीतरी लागायचं, बसून बसून पाय बधिर होतो तसं.

घरात सूनबाई प्रणिता ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. "बाबा, पोहे झाकून ठेवलेत, गरम करून घ्या," ती म्हणाली. त्यानं हो म्हटलं आणि पोहे गार खाल्ले. गार आणि गरम यातला फरक त्याला हल्ली लागत नव्हता. रडला नाहीत तुम्ही, मन मोकळं करा, असं उद्धव, त्याचा मुलगा, दोनतीनदा म्हणाला होता. मोकळं करायचं म्हणजे आधी काही भरलेलं असावं लागतं, हे त्याला कसं सांगायचं? डॉक्टरांनी सुभद्राला विचारलं होतं, गाठ कधीपासून हाताला लागते, बाई? ती म्हणाली होती, आत्ताच, ह्या महिन्यात. डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. ते पाहणं त्याच्या अंगावर अजून तसंच पडलेलं होतं. एवढं वाढलेलं दुखणं एका महिन्याचं नसतं, हे डॉक्टरांनी नंतर त्याला बाजूला घेऊन सांगितलं. मग ती कुणालाच का बोलली नाही? वर्षभर एका छपराखाली जेवलो, झोपलो, आणि तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्याला हवं होतं ते एवढंच, हे कुणीतरी सांगावं. बाकी काही नको होतं. पण जी सांगू शकली असती ती गेली होती आणि दुसऱ्या कुणाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यानं हात धुतले आणि कपड्यांच्या पिशवीच्या तळातून वही काढली. सप्ताहाची वही. गावाहून येताना त्यानं ती आणली होती, कारण दर वर्षी सप्ताहाच्या आधी नवी पानं आखायचं काम त्याचं होतं, आणि उद्धवनं चार दिवस हवापालट म्हणून आणलं तरी पानं आखायची राहून कशी चालतील. हिवरडोहच्या मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला की सात दिवस नाम तुटत नाही. पहाटे काकडा, सकाळी पारायण, संध्याकाळी भजन, रात्री कीर्तन, ही झाली लोकांच्या नजरेतली कामं. पण त्या सगळ्याच्या पोटात एक वीणा सात दिवस सात रात्री उभी असते. ती खाली टेकायची नाही आणि गळ्यावाचून राहू द्यायची नाही. ज्याच्या गळ्यात ती आहे त्यानं बसायचं नाही, तार छेडत रामकृष्णहरी म्हणत राहायचं. दोन तासांचा एक पहारा. पुढचा पहारेकरी हातपाय धुऊन, कपाळाला गंध-बुक्का लावून समोर येतो, वीणेच्या पाया पडतो, मग देणारा आपल्या गळ्यातला पट्टा काढून त्याच्या गळ्यात घालतो, आणि पट्टा नीट बसेपर्यंत वीणेवरचा हात सोडत नाही. नामही तसंच. घेणाऱ्यानं उचलल्याशिवाय देणाऱ्यानं सोडायचं नाही. मग दोघं एकमेकांच्या पायांना हात लावतात. थोरला असो, धाकटा असो, कुणी कुणाचा वैरी असो, लावावाच लागतो. गहिनीनाथ त्या मांडवातला सेवेकरी. सतरंज्या अंथरणं, कीर्तनाला टाळकऱ्यांच्या दोन ओळी सरळ उभ्या करणं, बुवांना फेटा बांधणं, आणि हजेरी. कीर्तनाला कोण उभं राहिलं, पहाऱ्याला कोण आलं, कोणी कुणाला वीणा दिली, आणि खरोखर किती वाजता दिली. शेवटचा रकाना त्यानं स्वतः काढलेला. लोक उशिरा येत आणि बिचारा आधीचा ताटकळत उभा राही, म्हणून. गावात त्यावरून त्याची टर उडायची. "तात्या, आमची पहाऱ्याला यायची येळ लिव्हता, तशी वर जायची बी लिवून ठेवा," असं म्हणायचे. तो हसायचा नाही, लिहायचा.

आता बाल्कनीतल्या खुर्चीत बसून त्यानं सुभद्राचं नाव शोधलं. शोधायला काय, त्याचंच अक्षर. बायकांचे पहारे दिवसा असत आणि चिठ्ठ्या टाकून ठरत. चिठ्ठीत निघेल ती वेळ सातही दिवस तीच. सुभद्राला एका वर्षी सकाळची आठ ते दहा निघाली होती, पारायण चाललेलं, गार वेळ, सगळ्या बायका जिच्यासाठी जीव टाकतात ती. तिच्या नावावर काट मारलेली आणि पुढं: बदली, बारा ते दोन. पुढच्या वर्षी दोन ते चार निघाली, काट, बदली, बारा ते दोन. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बदल्या त्याला ठाऊक होत्याच, त्यानंच लिहिल्या होत्या, आणि प्रत्येक वर्षी तो तिच्यावर करवादला होता. चांगली वेळ कुणाच्या तरी पदरात टाकते आणि भर उन्हाची, पंगतीच्या वेळची घेते. पत्र्याखाली जीव उकडतो, जेवायला मागं राहावं लागतं. "असू द्या," ती म्हणायची. त्याला वाटलं होतं, भोळी आहे, हिच्याकडून कुणीही वेळ काढून घेतं. पण चार पानं मागं गेल्यावर बदल्या थांबल्या होत्या. जुन्या वर्षांत सुभद्रानं चिठ्ठीत निघेल ती वेळ निमूट घेतलेली. बदली सुरू झाली ती एका वर्षापासूनच, आणि ते वर्ष कोणतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाशी, आसारामशी, त्याचं हातघाईवर आलं होतं ते वर्ष. मोटारीच्या पेटीला आसारामनं कुलूप लावलं, ह्यानं ते दगडानं फोडलं, आणि संध्याकाळी ओसरीवर उभं राहून सुभद्राला सांगितलं की त्या घरातल्या कुणाशी बोलताना दिसलीस तर ह्या घरात पाय ठेवायचा नाही. ती तेव्हा तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती निवडत राहिली. आणि खरोखरच त्यानंतर तिला कुणी आसारामच्या बायकोशी, केशरवहिनीशी, बोलताना पाहिलं नाही. तो मनात खूश होता. आपला शब्द घरात चालतो, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं.

दहा ते बाराचा पहारा केशरचा. तो चिठ्ठीत जात नसे. देवळाची जागा दोघा भावांच्या आज्यानं दिली म्हणून थोरल्या घराचा तो मानाचा पहारा होता. म्हणजे बारा वाजता वीणा केशरच्या गळ्यातून निघायची. ती घ्यायला बारा ते दोनवालीच समोर येणार. गहिनीनाथनं बोट शेवटच्या रकान्यावर ठेवलं आणि खाली खाली नेलं. सगळे पहारे वेळेवर, फार तर इकडंतिकडं. बारा वाजताची बदली तेवढी उशिरा. साती दिवस उशिरा. पान उलटलं, पुढचं वर्ष, साती दिवस उशिरा. मध्ये एकच वर्ष असं निघालं की बारालाच बारा, साती दिवस. त्या वर्षी केशर लेकीच्या बाळंतपणाला गेली होती आणि तिच्याऐवजी शेजारची उभी राहिली होती. आणि गेल्या वर्षी, शेवटच्या वर्षी, एका दिवशी ती बदली इतकी उशिरा पडलेली होती की त्यानं समोर शेरा मारला होता: शिस्त पाळावी. त्याचंच अक्षर. खाली रेघ मारलेली. खालच्या रस्त्यावर कुणाची तरी गाडी एकसारखा हॉर्न वाजवत होती आणि त्याला ते लांबून, दुसऱ्याच गावातून आल्यासारखं ऐकू येत होतं.

बारा वाजता तो कधीच मांडवात नसे. त्या वेळी तो पंगतीत आमटीची बादली घेऊन फिरत असायचा. बदलीची वेळ त्याला किसनबुवा सांगायचे, पोथीच्या चौरंगाशेजारी दिवसभर बसून असलेले म्हातारे, आणि तो नंतर लिहून घ्यायचा. त्यानं किसनबुवांना फोन लावला. "बुवा," तो म्हणाला, "बाराच्या पहाऱ्याला सुभद्रा उशिरा यायची का?"

पलीकडे बराच वेळ खोकला चालला. "ती? ती तर पावणेबाराला येऊन उभी राहायची."

"मग वीणा उशिरा का घ्यायची?"

"आता काय सांगायचं बाबा तुला. बोलायच्या दोघी."

"नाम चालू असताना?"

"नाम कशाला तुटतंय? केशर म्हणत असली की सुभद्रा बोलायची. मग सुभद्रा नाम उचलायची आन केशर बोलायची. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी, आन मधी पोरंबाळं, दुखणीखुपणी, तुमच्या म्हशीचं, त्यांच्या सुनंचं. मांडवात तवा असतंय कोण, सगळे पंगतीला. म्या म्हणलं नाम तर अखंड हाय, वीणा बी खाली टेकली न्हाई, मंग आपुन कशाला मधी पडायचं?"

"मला का नाही सांगितलं?"

"सांगत न्हवतो व्हय? रोज येळ सांगत व्हतो. तू लिव्हत व्हतास."

फोन ठेवल्यावर त्याला राग यायला हवा होता. इतकी वर्षं बायकोनं, भावजयीनं आणि एका म्हाताऱ्यानं मिळून आपल्या नाकाखाली आपला शब्द मोडला, आणि तो मोडल्याची नोंद आपल्याकडूनच करून घेतली. राग शोधायला तो आत गेला आणि तिथं काही नव्हतं. एकच गोष्ट हाताला लागली, ती तो शेरा मारलेला दिवस. त्या दिवशी काहीतरी मोठं बोललं गेलं होतं. रोजच्या म्हशीबिशीला एवढा वेळ लागत नाही. म्हणजे सुभद्रा कुणालाच बोलली नाही हे खरं नव्हतं. एक माणूस होतं, आणि ते माणूस त्याच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होतं, आणि त्याच्याशी इतक्या वर्षांत तो एक शब्द बोलला नव्हता. सुभद्राला नेली त्या दिवशीही केशर आली होती. कुडाशी उभी राहून तोंडाला पदर लावलेली त्याला दिसली होती आणि त्यानं मान फिरवली होती. आता तिच्या दारात जाऊन काय म्हणणार? आसाराम दारातच बसलेला असतो. दिवसभर त्यानं नवी पानं आखली. रेघा सरळ आल्या, याचं त्याला जरा नवल वाटलं.

तो गावी परतला, आणि सप्ताहाच्या चिठ्ठ्या काढायला पंच देवळात बसले तेव्हा म्हणाला, बारा ते दोन मला लावा. "तात्या, ती बायांची येळ हाय," सरपंचाचा भाऊ म्हणाला. "सुभद्राची होती," गहिनीनाथ म्हणाला. "मग सुनंला उभी करा." "ती पुण्यात आहे." कुणीतरी हळूच म्हणालं, "आन वीणा कुणाकडनं घ्यायची, ठाऊक हाय ना? पाया पडावं लागंल." "ठाऊक आहे," तो म्हणाला. किसनबुवांनी डोळे मिटूनच सांगितलं, "लिहा रे त्याचं नाव." पेन त्याच्याच हातात होतं. त्यानं लिहिलं.

पहिल्या दिवशी केशरनं त्याला पावणेबाराला मांडवाच्या कडेला पाय धुताना पाहिलं आणि तिचा आवाज तसूभरही हलला नाही. ती वाळून गेली होती. हिरव्या काठाचं लुगडं, गळ्यात वीणा, दुसऱ्या हातात चिपळ्या. तो समोर गेला, वीणेच्या पाया पडला, तिनं पट्टा त्याच्या गळ्यात घातला. तिची बोटं त्याच्या मानेला लागली नाहीत, इतकं जपून. त्यानं नाम उचललं, तिनं सोडलं. वीणा सावरून तो तिच्या पायांशी वाकला, तिनंही वाकून त्याच्या पायांना हात लावला, आणि ती पंगतीकडे चालू लागली. किसनबुवा म्हणाले, बारा. दुसऱ्या दिवशीही बारा, तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी तो वही उघडून 'वेळेवर' लिहायचा, रात्री कीर्तनाला टाळकरी मोजायचा, बुवांनी विनोद केला की मांडव हसायचा आणि तो ओळीतल्या टाळांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहत राहायचा. बायकांच्या बाजूला केशर एका टोकाला बसायची. पूर्वी सुभद्रा दुसऱ्या टोकाला बसायची. इतक्या लांब, मुद्दाम, आणि त्याला ते पाहून बरं वाटायचं. दोन तास उभं राहून त्याच्या पोटऱ्या भरून येत. पत्र्याखाली खरंच जीव उकडत होता. ती इथं अशीच उभी राहायची, एवढंच त्याला कळत होतं. घसा कोरडा पडला की आवाज आपोआप चालत राहतो, आपण म्हणतोय हेही विसरायला होतं, हेही तिला कळलं असणार. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. रोज तो ठरवून यायचा आणि रोज पट्टा गळ्यात पडला की नाम तोंडात असायचं, मग बोलणार कसं? नाम आणि बोलणं एका तोंडातून येत नाही. त्या दोघी दोन होत्या.

सातव्या दिवशी, उद्या काल्याचं कीर्तन होऊन वीणा उतरणार, म्हणून सगळं गाव पुरणाच्या घाटात गुंतलेलं होतं. मांडवात किसनबुवांवाचून कुणी नव्हतं. तो समोर गेला. केशरनं पट्टा काढला, त्याच्या गळ्यात घातला, वीणेवर हात ठेवून वाट पाहत राहिली, की हा नाम उचलील मग मी सोडीन. त्यानं उचललं नाही. ती म्हणत राहिली. त्याचं तोंड मोकळं होतं. "वहिनी," तो म्हणाला. तिच्या ओठांचं रामकृष्णहरी चालू राहिलं, पण डोळे पहिल्यांदाच वर आले. "गेल्या साली तुम्हाला तिनं दुखण्याचं सांगितलं होतं का?" रामकृष्णहरी, तिनं मान हलवली, रामकृष्णहरी. हो. "मग मला का नाही सांगितलं तिनं?" केशर म्हणतच होती आणि त्याच्याकडे पाहत होती, आणि तिला बोलायचं असेल तर आधी नाम कुणीतरी घ्यायला हवं, हे त्याला जरा उशिरा उमगलं. त्यानं नाम उचललं. आवाज फाटका निघाला. तिनं वीणेवरचा हात काढला नाही.

"मी म्हणलं व्हतं, भाऊजींला सांग," केशर म्हणाली. "लई येळा म्हणलं. ती म्हणली, इचारतील तवा सांगीन. रोज त्यांच्या म्होरं जेवाया बसते, रोज वाटतं आज इचारतील, का गं जेवंना, का गं डाव्या हातानं घागर उचलंना. इचारलं की सांगीन." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "पैशाला घाबरली न्हवती, मरणाला बी न्हाई. म्हणली, बघूच की कवा इचारतेत."

त्याचं नाम चालू होतं. ते थांबवता येत नव्हतं. गळ्यात वीणा होती, बसता येत नव्हतं, तोंडावर हात घेता येत नव्हता, एक हात तारेला आणि एका हातात चिपळ्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा आधी त्याला वाटलं घाम आहे. डाव्या हातानं घागर. त्यानं पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, ही डावखुरी कधी झाली. रामकृष्णहरी म्हणता म्हणता शब्द अर्ध्यावर घोगरला, चौरंगाशेजारी किसनबुवांनी डोळे उघडले, आणि नाम तुटणार तेवढ्यात केशरनं ते त्याच्या तोंडातून घेतलं आणि म्हणू लागली. न घाबरता, रोजच्या चालीत, दळायला बसलेल्या बाईच्या आवाजात. तो नुसता तार छेडत उभा राहिला. भरून आलेलं बाहेर पडत राहिलं. देवळामागून पुरणाचा वास येत होता आणि आज तो त्याला कळला.

बऱ्याच वेळानं त्यानं खांद्याला तोंड पुसलं. विचारायचं ते विचारून झालं होतं, उत्तर मिळालं होतं, आता तिला जाऊ द्यायला हवं होतं. ती उपाशी होती. पण तिचा हात अजून वीणेवर होता. "अजून काय म्हणायची ती?" त्यानं विचारलं. केशर नाम घेत त्याच्याकडे पाहत राहिली. त्यानं खाकरून घसा साफ केला आणि तिला बोलता यावं म्हणून नाम आपल्याकडे घेतलं.